पोटात पेन

गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यात, दरेकसा रेल्वे स्टेशनापासून जवळच कचारगडाचा डोंगर आहे. माघ पौर्णिमेला तिथल्या मोठ्या गुहेपाशी गोंड समाजाची यात्रा भरते आणि शेजारच्या राज्यांतूनही माणसं येतात. त्या डोंगराच्या परिसरातल्या एका शाळेत मी काही वर्षं इंग्रजी शिकवलं. माझं घर उर्दू बोलणारं. वर्गातली मुलं मराठी, हिंदी, छत्तीसगढी बोलायची आणि काहींच्या घरी गोंडी चालायची. इंग्रजी मात्र कोणाच्याच घरची नव्हती.

एके दिवशी सहावीतल्या एका मुलीने सुट्टीचा अर्ज दिला. इंग्रजीत लिहायचा म्हणून तिने मनापासून मेहनत घेतली होती. पोट दुखतंय हे सांगायला ‘आय हॅव पेन इन माय स्टमक’ असं लिहिलं होतं. पण ‘पेन’ची अक्षरं होती पी, ई, एन. म्हणजे लिहायचा पेन. मला हसू आवरलं नाही. मी अर्ज मोठ्याने वाचला आणि म्हणाले, “अगं, पोटात पेन गेला कसा? शाईचा की बॉलपेन?” सगळा वर्ग खो खो हसला. ती मुलगी खाली बसली आणि पुढचे पंधरा दिवस इंग्रजीच्या तासाला तिने तोंड उघडलं नाही.

घरी मी हा किस्सा गंमत म्हणून सांगितला. अम्मी हसल्या नाहीत. म्हणाल्या, “तू मकतबमध्ये क़ल्बला कल्ब म्हणायचीस. उस्तानी हसल्या होत्या का तुला?”

मला एकदम आठवलं. अरबीत मोठ्या क़ाफचं ‘क़ल्ब’ म्हणजे हृदय आणि साध्या काफचं ‘कल्ब’ म्हणजे कुत्रा. आमच्या जिभेवर दोन्ही एकच व्हायचे. उस्तानींनी अर्थातला फरक सांगितला तेव्हा आम्ही पोरी पोट धरून हसलो होतो, पण त्या कोणा एकीला हसल्या नव्हत्या. त्यांनी मख़रज दाखवला होता. काफला जीभ मागे टाळूला टेकते. क़ाफला तिचं मूळ त्याहून मागे, पडजिभेजवळ टेकतं. हसू शब्दांवर आलं आणि उपाय जिभेला मिळाला. मी मात्र हसू मुलीवर आणलं होतं आणि उपाय काहीच दिला नव्हता.

त्या रात्री मी विचार केला, की तिची चूक नेमकी कुठे झाली? मराठीत ‘ए’ एकच आहे. इंग्रजीत पेनचा ‘ए’ आखूड असतो आणि दुखण्याच्या पेनमधला ‘ए’ लांब, शेवटी ‘इ’कडे सरकणारा असतो. मूल वर्षाचं होता होताच त्याचा कान घरच्या भाषेला लागणारे फरक घट्ट धरू लागतो आणि न लागणारे सोडू लागतो. म्हणजे त्या मुलीने नीट ऐकलं नव्हतं असं नाही. तिच्या कानाला ते दोन शब्द एकच ऐकू येत होते. एकच ऐकू येणाऱ्या शब्दाची दोन स्पेलिंग तिने पाठ केली होती आणि ऐन वेळी त्यातलं एक उचललं होतं.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात माझाच क़ल्ब-कल्बचा किस्सा सांगितला. मॅडम हृदयाला कुत्रा म्हणायच्या, हे ऐकून मुलं मनसोक्त हसली. मग फळ्यावर लिहायचा पेन काढला, शेजारी पोट धरलेला माणूस काढला. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “मॅडम, आमचा पेन तर कचारगडावर आहे.” गोंडीत देवाला पेन म्हणतात. त्याने ते वर्गाला समजावून सांगितलं आणि फळ्यावर तिसरं चित्र डोंगराचं आलं. मी चौथं काढलं, खिडकीच्या काचेचं. त्या काचेलाही इंग्रजीत ‘पेन’च म्हणतात, अक्षरं पी, ए, एन, ई.

मग मी मुलांना एक प्रश्न विचारला. पुढे तो माझ्या प्रत्येक विनोदाचा शेवट झाला: “ही गंमत इंग्रजाच्या कानालाही कळेल, की फक्त आपल्या?”

दुखण्याचं पेन आणि काचेचं पेन हे इंग्रजालाही अगदी एकच ऐकू येतात. लिहायचा पेन मात्र त्याला वेगळा ऐकू येतो. म्हणजे ‘काचेला दुखतंय’ हा सगळ्यांचा विनोद झाला आणि ‘पोटात पेन’ हा आपल्या कानाचा विनोद. आम्ही वहीत दोन रकाने केले आणि प्रत्येक विनोद त्याच्या रकान्यात टाकू लागलो. हे वेगळं करणं महत्त्वाचं, कारण दोघांचा इलाज वेगळा आहे.

पहिल्या रकान्यातला एक जुना विनोद मुलांना फार आवडला. सहा हा आकडा सातला का घाबरतो? कारण ‘सेव्हन एट नाइन’. सात, आठ, नऊ म्हणा किंवा ‘सातने नऊला खाल्लं’ म्हणा, कानाला एकच. मात्र इंग्लंडात ‘खाल्लं’चा उच्चार बरेच जण ‘एट’ऐवजी आखूड ‘एट्’ असा, ‘लेट’मधल्या ‘ए’सारखा करतात. त्यांच्या तोंडी हा विनोद फसतो.

अशा शब्दांचा कितीही उच्चार घोटला तरी उपयोग नाही, कारण उच्चारात फरकच नाही. तिथे वाक्याचा संदर्भ पाहायचा आणि स्पेलिंग डोळ्याने ओळखायचं. उर्दू घरातल्या मुलांना हे नवीन नसतं. ‘आम’ अलिफने लिहिला तर आंबा, ऐनने लिहिला तर सर्वसाधारण. ‘कसरत’ सीनने लिहिली तर व्यायाम, से ने लिहिली तर विपुलता. अरबीत ऐन, से, ज़ाल, ज़ो यांचे आवाज वेगवेगळे आहेत. उर्दूच्या जिभेवर ते आपल्या ओळखीच्या आवाजांत मिसळले, पण लिहिणं जुनंच राहिलं. इंग्रजीतही असंच झालं. ‘नाइट’ म्हणजे रात्र आणि ‘नाइट’ म्हणजे सरदार. दुसऱ्याच्या आधी लिहिला जाणारा ‘के’ एके काळी बोलला जायचा. बोलण्यातून तो गेला, कागदावर राहिला. हे कळल्यावर मुलं स्पेलिंगला वेडेपणा म्हणत नाहीत. जुन्या आवाजाची खूण म्हणून त्याच्याकडे पाहतात.

दुसऱ्या रकान्यासाठी कान आणि तोंड कामाला लावावं लागतं. त्यासाठी मी हाताचा खेळ घेतला. एक मूल वर्गाकडे पाठ करून उभं राहायचं, म्हणजे ओठ दिसत नाहीत. चिठ्ठी उचलून ते पेन किंवा दुखणं, जे निघेल ते इंग्रजीत म्हणायचं. लिहायचा पेन ऐकू आला तर उजवा हात वर, दुखणं ऐकू आलं तर डावा. असं दहा वेळा. डोळे मिटून अंदाज केला तरी पाचेक बरोबर येतात, म्हणून पाच-सहाला मी शाबासकी देत नसे. आठ-नऊ बरोबर यायला लागले, आणि तेही दोन-तीन दिवस सलग, तेव्हाच कान उघडला असं समजायचं. बोलताना आखूड पेनला बोटाची टिचकी वाजवायची आणि दुखण्याच्या पेनला हात हवेत लांब ओढायचा. साहेबी उच्चार मला नको होता. आखूड आणि लांब एवढा फरक राहिला तरी ऐकणाऱ्याची गफलत होत नाही.

मग ‘वेस्ट’ आला. सूर्य बनियनमध्ये मावळतो, हा वर्गाचा स्वतःचा विनोद. पश्चिम दिशा आणि बनियन, आपल्या तोंडात दोन्ही ‘वेस्ट’, कारण मराठीचा ‘व’ इंग्रजीच्या ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ यांच्या मधला आहे. मराठी लिहिताना आपण ‘व्हॅन’ला ‘व्ह’ आणि ‘वॉर्ड’ला ‘व’ लिहितो खरं, पण हिंदी आणि उर्दूत ही सोयही नाही. इथे मला पुन्हा उस्तानी आठवल्या. फ़े चा मख़रज म्हणजे वरचे पुढचे दात खालच्या ओठाच्या आतल्या बाजूला. तिथेच दात ठेवून गळ्यातून आवाज काढला की ‘व्ही’ होतो. आणि अरबी वाव म्हणताना दोन्ही ओठ गोल होतात, दात लागत नाहीत, तोच ‘डब्ल्यू’. मकतबमध्ये वाव नीट शिकलेल्या मुलाकडे इंग्रजीचा हा आवाज आधीच असतो, त्याला फक्त ते सांगावं लागतं. वर्गातल्या बाकी मुलांना मी आरसा दिला: दात दिसले तर बनियन, ओठ गोल झाले तर पश्चिम. आणि शंका आली तर गळ्यावर बोटं ठेवायची. बनियनच्या पहिल्या आवाजालाच गळा थरथरला पाहिजे. नाही थरथरला तर तोंडातून ‘फेस्ट’ निघालेला असतो.

या प्रयोगात माझ्याकडून आणखी एक चूक झाली. उत्साहाच्या भरात एकाच आठवड्यात वीस जोड्या फळ्यावर लिहिल्या. परिणाम उलटा झाला. ज्यांना आधी ‘सन’ म्हणजे सूर्य पक्का येत होता, तीही मुलं मुलगा की सूर्य यात अडखळू लागली. दोन सारखे शब्द एकदम नवे शिकवले की ते डोक्यात एकमेकांना चिकटतात. म्हणून आता मी आधी एक शब्द पक्का करते. दुसरा काही आठवड्यांनी, वेगळ्या धड्यात आणते. दोन्हींचे अर्थ वेगवेगळे माहीत झाले की मगच विनोद सांगते. अर्थ माहीत नसलेल्या मुलाला विनोद समजत नाही. तो फक्त इतरांना हसताना पाहतो आणि आपल्यावरच हसतायत असं समजतो.

त्या मुलीची मी वर्गासमोर माफी मागितली होती. तिने मान हलवली, बोलली नाही. मग एकदा चाचणीच्या वेळी तिचा बॉलपेन चालेना. तिने तो झटकला, फुंकर मारली, कागदावर घासला. मग उभी राहिली आणि इंग्रजीत म्हणाली, “मॅडम, माय पेन हॅज पेन.” पहिल्या पेनला टिचकी वाजवली आणि दुसऱ्याला हात चांगला खिडकीपर्यंत लांबवला.

या वेळी वर्ग तिच्यासोबत हसला. मी तिला माझा पेन दिला.