दुखणं कानाचं नव्हतंच



यंदा चातुर्मास सुरू होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. एक दिवसाआड एकाशन करायचं मी ठरवलं होतं. दुपारी जेवायला बसले, कडक भाकरीचा तुकडा मोडून तोंडात घातला, आणि उजव्या कानापाशी ‘टक’ असा आवाज झाला. मला वाटलं, भाकरीचाच असेल. पण मऊ भाताच्या घासालाही तसाच आवाज आला. चार दिवसांनी आवाजाबरोबर कळही येऊ लागली. घास चावताना कानात दुखायचं, जांभई दिली की जास्तच दुखायचं. सकाळी उठल्यावर गाल ताठलेले असायचे, जणू रात्रभर कोणी जबडा धरून ठेवला होता.

कानाजवळ दुखतंय म्हणजे कानच दुखतोय, असं आपण धरून चालतो. जाऊबाई म्हणाल्या, “कोमट तेलाचे दोन थेंब सोडा, वारं बसलं असेल.” मी सोडले. दोन दिवस कापसाचा बोळाही घातला. काही फरक पडला नाही. शेवटी ह्यांनी आग्रह केला म्हणून कानाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी आधी तेलाबद्दल मला रागावलं. पडद्याला छिद्र असेल तर तेल आत जाऊन नुकसान होतं, म्हणाले. मग बॅटरीने बघून सांगितलं की कान स्वच्छ आहे. नंतर माझ्या दोन्ही कानांच्या अगदी पुढे एकेक बोट ठेवलं आणि म्हणाले, “काकू, तोंड उघडा, मिटा.” उजव्या बोटाखाली टक झालं, आणि थोडं दाबताच मी ओरडले. “हे तुमच्या जबड्याच्या सांध्याचं आहे. दातांच्या डॉक्टरांना दाखवा.”

तुम्हीही बोट ठेवून पाहा. कानाच्या पुढे, गालाच्या हाडाच्या मागच्या टोकाशी, तोंड उघडताना काहीतरी हलताना लागेल. तोच हा सांधा. कानाच्या नळीला तो इतका लागून आहे की त्याचं दुखणं कानातच वाटतं. दातांच्या डॉक्टर मुलीने मला कागदावर चित्र काढून समजावलं. खालच्या जबड्याचं गोल टोक कवटीच्या खोबणीत बसतं आणि दोघांच्या मध्ये कुर्चेची एक छोटी चकती असते, गादीसारखी. तोंड उघडलं की टोक आधी फिरतं आणि मग चकतीसकट पुढे सरकतं. चकती थोडी पुढे घसरलेली असली तर सरकताना टोक तिच्यावर चढतं, आणि चढताना ‘टक’ वाजतं. नुसता आवाज असेल, दुखत नसेल आणि तोंड नीट उघडत असेल, तर त्याला उपचारच लागत नाहीत. अनेकांचा सांधा आयुष्यभर वाजतो. माझं दुखणं आवाजाचं नव्हतं, सांध्यावर आणि भोवतीच्या स्नायूंवर पडलेल्या ताणाचं होतं.

हा ताण कुठून आला? तिने विचारलं, “दिवसा दात एकमेकांवर दाबून धरता का?” मी ठामपणे नाही म्हटलं. मग ती म्हणाली, “आत्ता तुमचे दात कुठे आहेत?” पाहिलं तर घट्ट मिटलेले!

घरी आल्यावर मी हिशेबाच्या वहीत एक नवीन पान काढलं. बी.कॉम. झालेय, नोंद ठेवल्याशिवाय मला चैन पडत नाही. जेव्हा जेव्हा आठवेल तेव्हा दात कुठे आहेत ते पाहायचं आणि लिहायचं. तीन दिवसांत चित्र स्पष्ट झालं. चष्मा लावून धान्य निवडताना दात मिटलेले. मंदिराच्या भिशीचे आकडे जुळवताना मिटलेले. मोबाईल मान वाकडी करून खांद्यात धरताना मिटलेले. आणि सगळ्यात आश्चर्य म्हणजे, मौन जप करताना सगळ्यात घट्ट! हातात माळ, चित्त शांत करायचा प्रयत्न, आणि जबडा मात्र लढाईला निघाल्यासारखा.

खरं तर दात फक्त चावताना आणि गिळताना टेकायला हवेत. बाकी वेळ ओठ मिटलेले, दात सुटे आणि जीभ टाळूला हलकी टेकलेली असावी. हे जमवायची सोपी खूण सांगते. तोंडातल्या तोंडात ‘म’ म्हणा. ओठ मिटतात, पण दात लागत नाहीत. मग ‘न’ म्हणताना जीभ वरच्या दातांच्या मागे जिथे टेकते, तिथे ती राहू द्या. तीच जबड्याच्या विश्रांतीची जागा. आठवण राहावी म्हणून मी टिकल्यांच्या पाकिटातल्या लाल टिकल्या घरभर लावल्या: फ्रिजच्या दारावर, धान्याच्या डब्यावर, हिशेबाच्या वहीवर, मोबाईलच्या मागे, जपमाळेच्या डबीवर. टिकली दिसली की दात सोडायचे. नातीने विचारलं, “आजी, फ्रिजला टिकली का लावलीस?” आता तीच मला ओरडते, “आजी, दात!”

दुसरं कारण जेवणात होतं. एकाशनाच्या दिवशी एकदाच बसून जेवायचं, म्हणून मी कडक भाकरी, फुटाणे, भडंग असं टिकणारं, पोटभरीचं खात होते. डाव्या बाजूची खालची दाढ पूर्वीच काढलेली, म्हणजे सगळं चावणं उजवीकडे. अर्धा-पाऊण तास एकाच बाजूने सलग चावत होते. डॉक्टरांनी तीन आठवडे मऊ खायला सांगितलं, तेव्हा वाटलं, आता एकाशन मोडावं लागणार. माताजींना विचारलं. त्या म्हणाल्या, नियम किती वेळा जेवायचं याचा आहे, भाकरी किती कडक याचा नाही. डोक्यावरचं ओझंच उतरलं.

मग मुगाच्या डाळीची मऊ खिचडी आणि वर साजूक तूप (द्विदल होऊ नये म्हणून दही-ताक नाही), ज्वारीच्या शिजवलेल्या कण्या, दुधात कुस्करलेली भाकरी, दुधीची आणि दोडक्याची मऊ भाजी, लापशी, असं सुरू केलं. घास लहान घ्यायचा, दोन्ही बाजूंनी जमेल तेवढं चावायचं. पेरू, ऊस, सुपारी बंद. सफरचंद दातांनी तोडायचं नाही, पातळ फोडी करायच्या. बाकीच्या दिवशी संध्याकाळी सूर्यास्ताच्या आत उरकायचं म्हणून भराभर चावण्याची सवयही मोडली, जेवण पंधरा मिनिटं आधी वाढून घेऊ लागले.

शेक सकाळ-रात्र. छोटा नॅपकिन गरम पाण्यात बुडवून पिळायचा, मनगटाला लावून चटका बसत नाही ना ते पाहायचं आणि दोन्ही गालांवर कानापासून जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत दहा-पंधरा मिनिटं धरायचा. त्यानंतर दात किंचित आवळले की गालात जो स्नायू फुगतो, त्यावर दात सोडून दोन बोटांनी हलके गोल फिरवायचं. मग एकच व्यायाम: जीभ ‘न’च्या जागी टेकलेली ठेवून तोंड सावकाश उघडायचं, टक वाजायच्या आधी थांबायचं, मिटायचं. सहा वेळा, दिवसातून तीन-चारदा. जीभ टाळूला असली की तोंड फार उघडतच नाही. जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरायची. झोपताना गालाखाली हात घ्यायचा नाही, पालथं झोपायचं नाही.

यात माझी एक चूक झाली, ती तुम्ही करू नका. आवाज गेला का, हे बघायला मी दिवसातून वीसदा तोंड वासून टक वाजवून पाहत होते. दुसऱ्या आठवड्यात दुखणं उलट वाढलं. डॉक्टर म्हणाली, “खपली धरतेय का हे बघायला रोज खरवडून काढल्यासारखं आहे हे.” ते थांबवलं, आणि तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी कळ जवळजवळ गेली. टक अजून आहे. राहू दे. सकाळचा ताठरपणा पूर्ण गेला नाही, म्हणून रात्री दात खाल्ले जातात का हे बघून तिने मापाची दातपट्टी बनवून द्यायचं ठरवलंय. दात घासून जबडा कायमचा ‘बसवून’ देतो असं कोणी सांगितलं, तर मात्र घाई करू नका. जे परत मागे घेता येत नाही, असं काही सुरुवातीलाच करायचं नसतं.

शेवटी, तिने मला सुरुवातीलाच विचारलेले प्रश्न तुम्हालाही सांगते, कारण आपल्या वयात ते फार महत्त्वाचे आहेत. चावताना जबडा दोन-चार मिनिटांत थकतो आणि थांबलं की बरं वाटतं, असं आहे का? कानशिलाशी नवीन डोकेदुखी, केस विंचरताना टाळू दुखणं, धूसर किंवा दुहेरी दिसणं? पन्नाशीनंतर असं झालं तर कानशिलाच्या रक्तवाहिनीला सूज असू शकते आणि दृष्टी जाण्याचा धोका असतो. त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे, शेकत बसायचं नाही. आणि चावताना नव्हे, तर जिना चढताना जबडा दुखत असेल, सोबत घाम किंवा धाप असेल, तर ते हृदयाचं असू शकतं. थेट दवाखान्यात जायचं.

तोंड अचानक अडकलं, आपल्याच दोन बोटांइतकंही उघडेना, गालाला सूज आणि ताप आला, कानातून पू आला किंवा दात एकाएकी पूर्वीसारखे जुळेनासे झाले, तरी थांबायचं नाही. हे काही नसेल आणि दोन-तीन आठवडे असं करूनही उतार पडला नाही, तर दातांच्या डॉक्टरांना दाखवायचं. आणि कानात तेल? ते मात्र नाहीच.

आज सकाळी जपाला बसले. डबीवरची टिकली दिसली. दात सोडले, ओठ मिटले, माळ हातात घेतली. माळ संपेपर्यंत जबडा सैलच होता. पहिल्यांदाच.