मैदान आखताना

गेल्या वर्षी आमच्या मोहल्ल्यातल्या मुलांची शेजारच्या गावाशी मॅच होती. कोल्हापूरच्या आसपास फुटबॉल म्हटलं की पोरं जेवण विसरतात, त्यामुळे मैदान आखायचं काम मी हौसेनं अंगावर घेतलं. दुसऱ्या हाफमध्ये समोरच्या संघाचा मुलगा बॉल घेऊन डावीकडून आत आला आणि आमच्या बॅकनं त्याला पाडलं. जागा बॉक्सच्या रेषेपासून दोन पावलं बाहेर. रेफरीनं फ्री किक दिली, ती वाया गेली आणि आम्ही एका गोलनं जिंकलो.

मॅच संपल्यावर त्यांचे एक वयस्क प्रशिक्षक टेप घेऊन आले. गोलच्या आतल्या खांबापासून त्यांनी साडेसोळा मीटर मोजले. टेप माझ्या रेषेच्या पुढे साडेतीन मीटरहून जास्त गेली. मुलगा पडला होता ती जागा खऱ्या बॉक्सच्या आत होती. म्हणजे पेनल्टी होती. ते काही बोलले नाहीत, टेप गुंडाळून निघून गेले. भांडले असते तर बरं झालं असतं.

चूक साधी होती. बॉक्स साडेसोळा मीटरचा असतो एवढं मला ठाऊक होतं, म्हणून मी गोलच्या मध्यापासून दोन्हीकडे साडेसोळा घेतले. नियमात मोजणी प्रत्येक खांबाच्या आतल्या कडेपासून सुरू होते. गोलची आतली रुंदी 7.32 मीटर. ती धरून बॉक्स 40.32 मीटर रुंद होतो. माझा झाला 33. खोली मात्र गोलरेषेपासून आत साडेसोळाच, ती बरोबर होती, म्हणून नजरेला काही खटकलं नाही.

हे आकडे असे विचित्र का, तर मुळात ते यार्डांचे आहेत. गोल आठ यार्ड रुंद आणि आठ फूट उंच. बॉक्स अठरा यार्डांचा, पेनल्टीची खूण बारा यार्डांवर, मधल्या वर्तुळाची त्रिज्या दहा यार्ड. मीटरमध्ये ते 16.5, 11 आणि 9.15 होतात.

पुढच्या वेळी मी आमच्या चाचांना सोबत घेतलं. ईदगाहवर ईदच्या आदल्या दिवशी सफांच्या रेषा तेच आखतात. दोरी, खुंट्या आणि अंदाज न करण्याची सवय, एवढं त्यांचं भांडवल. म्हणाले, "बेटा, पहिली सफ वाकडी झाली की मागच्या सगळ्या वाकड्या. आधी एक रेषा पक्की कर."

आमच्या जागेत कडेनं तीन-चार मीटर मोकळे सोडून 96 बाय 56 मीटरचं मैदान बसतं. मोठ्यांच्या सामन्याला लांबी 90 ते 120 आणि रुंदी 45 ते 90 चालते, तेव्हा हे नियमात आहे. आधी लांब बाजूची एक रेषा ताणली. तिच्या टोकाला काटकोन काढायला चाचांनी गवंड्यांची युक्ती वापरली: रेषेवर 12 मीटर, आडवे 9 मीटर, आणि या दोन टोकांमधलं अंतर बरोबर 15 येईपर्यंत आडवी दोरी सरकवायची. तीन, चार, पाचानंही काटकोन मिळतो, पण छोट्या त्रिकोणातली बोटभर चूक दूरवर मोठी होते. कोन एक अंश जरी चुकला तरी 56 मीटरवर रेषा जवळजवळ एक मीटर सरकते.

चारही कोपऱ्यांत खुंट्या ठोकल्यावर दोन्ही कर्ण मोजायचे. आमच्या मापाला ते 111.14 मीटर यायला हवेत, आणि मुख्य म्हणजे दोन्ही सारखे. पहिल्यांदा आमचे चाळीस सेंटिमीटरनं वेगळे आले. नायलॉनची दोरी ताणली की वाढते, हे तेव्हा कळलं. सुती दोरी आणली, पन्नास मीटरची टेप तीन तुकड्यांत लावली, मग जुळलं.

बॉक्सची खात्री करायची सोपी रीत सांगतो. कोपऱ्याच्या खुंटीपासून गोलरेषेवर बॉक्सपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना सारखं यायला हवं. आमच्या रुंदीत ते 7.84 मीटर आहे. माझ्या जुन्या मैदानावर ते साडेअकरा होतं. बॉक्सच्या बाहेरची कमान पेनल्टीच्या खुणेवर खुंटी ठोकून 9.15 मीटरच्या दोरीनं काढतात. ती जिथे बॉक्सच्या रेषेला मिळते, ती टोकं रेषेच्या मध्यापासून 7.31 मीटरवर येतात, म्हणजे जवळजवळ गोलच्या रुंदीएवढ्याच अंतरावर. तसं आलं नाही तर खूण किंवा रेषा सरकली आहे असं समजा.

रेषा जास्तीत जास्त बारा सेंटिमीटर रुंद आणि गोलरेषा खांबाच्या जाडीइतकीच. रेषा त्या क्षेत्राचा भाग असते, म्हणून मापं तिच्या बाहेरच्या कडेपर्यंत धरायची. आखायला फक्की वापरा. चुना ओल्या कातडीला आणि डोळ्याला भाजतो. गुडघ्यावर घसरणाऱ्या पोराला त्याचा त्रास होतो, आमच्या एकाला झालाही.

आता लहानांचं. माझा नऊ वर्षांचा भाचा मोठ्या गोलमध्ये गोलकीपर म्हणून उभा राहायचा. वरची आडवी दांडी 2.44 मीटरवर. उडी मारून, हात वर करून तो तिच्या खालीच राहायचा. समोरच्यांना हे कळलं आणि सगळे शॉट डोक्यावरून येऊ लागले. सहा गोल खाल्ल्यावर घरी येऊन तो अम्मीच्या मागे लपला आणि मला म्हणाला, "मामू, मी आता खेळणार नाही." मी त्याला हिंमत ठेव म्हणून समजावत राहिलो. हिंमत कमी नव्हती, गोल मोठा होता.

इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशननं नऊ-दहा वर्षांच्या सात-सात मुलांसाठी 55 बाय 37 मीटरचं मैदान आणि बारा फूट बाय सहा फुटांचा, म्हणजे 3.66 बाय 1.83 मीटरचा गोल सुचवला होता. अकरा-बारा वर्षांच्या नऊ-नऊ मुलांना 73 बाय 46 आणि गोल सोळा बाय सात फुटांचा. तेरा-चौदाला अकरा खेळाडू यायचे, पण गोल एकवीस बाय सात फूट. पूर्ण मोठा गोल पंधराव्या-सोळाव्या वर्षी.

चाचांनी हिशेब घातला. आमची रुंदी 56, म्हणजे 55 मीटरचं छोटं मैदान आडवं बसतं. अर्ध्या भागाची लांबी 48, त्यातून 37 गेले की 11 उरतात. मोठ्या गोलरेषेपासून साडेपाच मीटर आत छोट्या मैदानाची लांब बाजू घेतली. ती मोठ्या मैदानातल्या छोट्या चौकोनाच्या पुढच्या रेषेवरूनच जाते, कारण तो चौकोनही साडेपाच मीटर खोल असतो. अशी दोन मैदानं शेजारी-शेजारी बसली, मध्ये 11 मीटर मोकळे. त्यांच्या रेषा पिवडी मिसळून पिवळ्या केल्या, नाहीतर मुलांचा गोंधळ होतो.

छोटे गोल लोहारानं पाइपचे करून दिले. ते उचलून नेता येतात, आणि धोका त्यातच आहे. मुलं दांडीला लोंबकळतात आणि गोल पुढे कोसळतो. मागच्या पायांवर वाळूची पोती ठेवून आम्ही खुंट्यांनी बांधतो, आणि खेळ संपला की आडवे पाडून साखळीनं अडकवतो. आणखी एक, गोलच्या तोंडाची माती पायांनी खचत जाते, त्यामुळे दांडीची उंची आपोआप वाढते. दर महिन्याला टेप लावून मुरूम भरावा लागतो.

गेल्या रविवारी फक्की मारत असताना भाचा आला. पोती ठेवून होईपर्यंत थांबला, मग उडी मारून दांडीला बोटं लावली आणि म्हणाला, "मामू, दुसरा गोल मोजला का? तो उंच वाटतोय." मोजला. चार सेंटिमीटर उंच होता.