पूर्वपक्षाचे गुण

सिल्वासा, ३ ऑगस्ट

काल मुक्तिदिनाची सुट्टी होती, आज निबंधांचा गठ्ठा उघडला. विषय: चार्वाकांचा अनुमानावरचा आक्षेप टिकतो का? वीसपैकी दहा गुण पूर्वपक्षाच्या मांडणीला, दहा खंडनाला.

पहिल्या निबंधात चार्वाक दुसऱ्याच ओळीत आडवा. दिसतं तेवढंच मानणाऱ्यानं आपला पणजोबा पाहिला होता का, असा सवाल. भाषा तडफदार आहे, पण चार्वाक तसं का म्हणतो ते कुठेच नाही.

४ ऑगस्ट

दिवसभर पाऊस. चौदाव्या शतकातला माधवाचार्यांचा ‘सर्वदर्शनसंग्रह’ काढून बसलो. स्वतः वेदान्ती, तरी ग्रंथाची सुरुवात चार्वाकापासून, आणि त्याची बाजू कमकुवत केलेली नाही. धुरावरून अग्नी ओळखायचा, तर ‘जिथे धूर तिथे अग्नी’ ही व्याप्ती आधी कळायला हवी. ती प्रत्यक्षानं कळत नाही, कारण डोळे समोरचाच धूर पाहतात, कालचा आणि उद्याचा नाही. अनुमानानं म्हणावं, तर त्या अनुमानाला दुसरी व्याप्ती लागते, तिला तिसरी. कुणाच्या शब्दावर मानावी, तर तो विश्वासही अनुमानावरच उभा. मग व्याप्ती कळते कशी?

आता पणजोबाचा सवाल यातल्या कुठल्या पायरीवर बसतो? एकाही नाही. निष्कर्ष अडचणीचा आहे, एवढंच तो सांगतो. अनुमानावर विसंबून कामं कशी होतात, याला माधवाचार्यांच्या चार्वाकाकडे उत्तरही आहे: होतात, पण योगायोगानं. मांडणीला दोन गुण.

५ ऑगस्ट

एकीनं पिपरियाच्या औद्योगिक वसाहतीतलं उदाहरण घेतलंय. चिमणीतून निघालं ते धूर नसून वाफ असेल, म्हणून अनुमान फसतं. उदाहरण डोळ्यांसमोरचं, पण चुकीच्या जागी. वाफेला धूर समजणं ही हेतू ओळखण्यातली चूक. चार्वाकाची शंका खरा धूर दिसल्यावरही उरते. पाच गुण.

७ ऑगस्ट

आज एक फार चांगला निबंध वाचला. चारही पायऱ्या क्रमानं, सोबत ‘माधवाचार्यांनी दिलेल्या रूपात’ अशी कबुली. ती हवीच, कारण चार्वाकांचं म्हणणं आपल्यापर्यंत बहुतांशी विरोधकांच्या ग्रंथांतूनच आलंय. मग उदयनाचार्यांचं उत्तर: धूर हवा असला की शंका घेणाराही अग्नीच पेटवतो, तेव्हा त्याची शंका त्याच्याच वागण्याशी भिडते आणि तिथे थांबते. हा घाव व्याप्तीवरच्या शंकेवर नेमका बसतो. फक्त व्यवहारातलं अनुमान मान्य करणारा पुरंदर हा चार्वाक निबंधात वगळलाय. नऊ गुण.

सहपरीक्षक मॅडम म्हणाल्या, “सर, अर्धे शब्द दुसऱ्याचंच सांगण्यात गेलेत.” मी म्हटलं, “मॅडम, उरलेल्या अर्ध्यात एक वाक्य तरी वाया गेलंय का?” त्यांनी पुन्हा वाचून नऊवर सही केली.

पणजोबावाल्याच्या निबंधावर शेरा लिहिला: ‘बाळ, व्याप्ती कशी कळते हा प्रश्न आधी चार्वाकाच्या बाजूनं दहा ओळींत लिही. त्या ओळी तूच पुन्हा वाच, आणि त्यातली कुठली ओळ तुला खोटी वाटते तिच्याखाली रेघ मार. खंडन तिथून सुरू कर.’