किटवरच्या दोन रेघा

लिहू की नको, असं बरेच दिवस चाललं होतं. बहिणीला विचारलं, ती म्हणाली, "ताई लिही, माझं नाव फक्त घालू नकोस."

पाळी चुकून आठवडा झाल्यावर धाकटीने घरी टेस्ट केली. दोन ठळक रेघा आल्या. आईने देवापुढे साखर ठेवली. सोनोग्राफीचा विषय निघाला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "एवढी घाई कशाला, तिसरा महिना लागू दे." त्यात कुणालाच काही चुकीचं वाटलं नाही. मलासुद्धा.

पुढच्या आठवड्यात तिला तपकिरी डाग दिसायला लागले आणि ओटीपोटात उजवीकडे दुखायला लागलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, सुरुवातीला होतं असं. काहींना होतंही, पण म्हणून ते तपासायचंच नाही असं नसतं. दोन दिवसांनी तिचा उजवा खांदा दुखायला लागला, आडवं झालं की जास्तच. आम्ही बाम चोळला. संध्याकाळी बाथरूममध्ये ती चक्कर येऊन पडली. अंग घामाने गार आणि चेहरा पांढराफटक.

दवाखान्यात पोचलो तेव्हा बीपी ऐंशीच्या खाली होतं. सोनोग्राफीत गर्भपिशवी रिकामी आणि पोटात रक्त साठलेलं. गर्भ उजव्या नळीत वाढत होता आणि नळी फुटली होती. लगेच ऑपरेशन केलं. पोटातून सुमारे दीड लिटर रक्त निघालं, ती नळी काढावी लागली. धाकटी वाचली.

नंतर मी डॉक्टर मॅडमना विचारलं, "टेस्ट तर पॉझिटिव्ह होती ना?" त्या म्हणाल्या, "टेस्ट खोटी नव्हती. पण तिला जागा कळत नाही." गर्भ रुजला की त्याच्या भोवतीच्या पेशी एचसीजी नावाचं हार्मोन तयार करतात. ते लघवीत उतरतं आणि किट तेवढंच ओळखतं. गर्भ पिशवीत असो की नळीत, दुसरी रेघ तशीच येते.

बीज नळीतच फलित होतं आणि मग पाच-सहा दिवसांत सरकत पिशवीत येतं. नळीच्या आतले केसांसारखे बारीक तंतू त्याला पुढे ढकलतात. जंतुसंसर्गाने, टीबीने किंवा आधीच्या ऑपरेशनने नळी आतून खराब झाली असेल, तर ते वाटेतच अडकतं आणि तिथेच रुजतं. आधी एकदा असं झालेलं असेल तरी धोका जास्त. धाकटीला दोन वर्षांपूर्वी ओटीपोटाचा संसर्ग झाला होता आणि बरं वाटल्यावर तिने गोळ्या मध्येच सोडल्या होत्या. त्यामुळेच झालं असं छातीठोकपणे सांगता येत नाही; जवळपास निम्म्या बायकांमध्ये कारण सापडतच नाही, असं मॅडम म्हणाल्या. म्हणून कृपा करून "काय खाल्लंस, काय उचललंस" असं कुणाला विचारू नका.

पिशवी ताणली जाते, नळी ताणत नाही. त्यामुळे साधारण सहाव्या ते आठव्या आठवड्यात नळी फुटण्याची भीती असते. आत साठलेलं रक्त पोट आणि छातीमधल्या पडद्याला टोचतं आणि त्या नसेची कळ खांद्यात उठते. आम्ही बाम चोळत होतो तेव्हा तिच्या पोटात रक्त साठत होतं. बाहेर मात्र नुसते डाग! बाहेरच्या रक्तावरून आतला अंदाज येत नाही.

आणखी एक गोष्ट. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय गर्भपाताच्या गोळ्या आणून घेणाऱ्या बायका आपल्या आजूबाजूला आहेत. नळीतला गर्भ त्या गोळ्यांनी पडत नाही. अंगावरून मात्र जातं, बाई समजते काम झालं, आणि नळीतला गर्भ वाढतच राहतो. म्हणून गोळ्यांच्या आधी गर्भ कुठे आहे ते डॉक्टरांनी बघायला हवं.

पाळी चुकून आठ-दहा दिवस झाले की आतून केलेल्या सोनोग्राफीत पिशवीतला गर्भ बहुधा दिसायला लागतो. दिसला नाही, तर रक्तातलं एचसीजी दोन दिवसांच्या अंतराने मोजतात. ते नीट वाढत नसेल तर शंका घेतात. नळी फुटायच्या आत कळलं, तर काहींना मेथोट्रेक्सेटच्या इंजेक्शनवर भागतं, नळीही वाचते. पिशवीबाहेरचा गर्भ उचलून पिशवीत ठेवता येत नाही. हे धाकटीने तीनदा विचारलं होतं.

तिची डावी नळी चांगली आहे. पुढच्या वेळी पाळी चुकली की लगेच दाखवायला या, असं मॅडमनी सांगितलंय.

टेस्ट पॉझिटिव्ह आणि एका बाजूला दुखतंय, डाग दिसतायत, तर त्याच दिवशी दवाखान्यात जा. खांदा दुखला किंवा चक्कर आली तर त्याच क्षणी, रात्र असली तरी. १०८ ला फोन करा. तिसऱ्या महिन्याची वाट आम्ही पाहिली, तुम्ही पाहू नका.