आप्पांची नोटीस

आप्पा आमच्या भावकीतले. नात्याने चुलते. २०१८ सालच्या एप्रिलात, ९ तारखेला, ते भर दुपारी निफाडला आमच्या वकीलसाहेबांच्या ऑफिसात आले. मागे त्यांचा थोरला. साहेब कोर्टात गेलेले. मी तिथं टायपिंगला होतो, त्यामुळे आल्याबरोबर थोरल्याने खिशातून चार घड्या घातलेला कागद काढून माझ्यासमोर आपटला.

"दादा, एवढं टाइप करून द्या. साहेबांची सही घेऊन आजच्या आज टपालात टाकायचं. बघतोच त्याला."

कागद वाचायला घेतला. पहिलीच ओळ, "तू एक नंबरचा लबाड व शेतकऱ्यांचं रक्त पिणारा माणूस आहेस." पुढं दोन पानं तसंच. मधे कुठंतरी चेक येत होता, मग पुन्हा शिव्या. शेवटी, "आठ दिवसांत सहा लाख रुपये आणून दे, नाहीतर तुझ्या घरावर अख्खं गाव आणू."

त्याचा राग खोटा नव्हता. आप्पांची दीड एकर द्राक्षबाग फेब्रुवारीत खुडली. व्यापारी ओळखीचा, दोन वर्षं माल नेणारा. चाळीस रुपये किलोने सौदा झाला. काट्यावर १२० क्विंटल भरले, म्हणजे ४ लाख ८० हजार झाले. बागेतच त्याने पुढच्या तारखेचा चेक दिला. पाडवा झाला, दुसऱ्या दिवशी आप्पांनी चेक बँकेत टाकला आणि तो परत आला. खात्यात पैसे नाहीत. इकडं औषधाच्या दुकानाची उधारी आणि सोसायटीचं कर्ज दोन्ही डोक्यावर.

मी म्हटलं, "आप्पा, हे टाइप नाही करायचं. चेक आणि बँकेची चिठ्ठी आणलीत का?"

आप्पांनी प्लास्टिकची पिशवी पुढं केली. चेकची झेरॉक्स, बँकेचा मेमो, काटापावती. मी थोरल्याचा कागद एका बाजूला ठेवला, हे तीन कागद दुसऱ्या बाजूला आणि एकेक आकडा जुळवायला बसलो. नोटीस लिहिणं म्हणजे खरं तर एवढंच काम असतं. भाषा नंतरची गोष्ट.

पहिलीच तारीख जुळेना. थोरल्याने लिहिलं होतं, "१४ फेब्रुवारीचा चेक." तो चेक हातात मिळाल्याचा दिवस, खुड्याचा. चेकवर तारीख १५ मार्च. घरात सगळ्यांच्या लक्षात १४ फेब्रुवारीच राहिलेली, कारण त्या दिवशी गाडी भरली. पण नोटिशीत चेकवरचीच तारीख लागते, नंबर आणि बँकेचं नाव लागतं. नाहीतर समोरचा म्हणतो, असा चेक मी दिलाच नाही.

दुसरी तारीख चेक परत आल्याची. कागदावर २६ मार्च. मेमोवर २१ मार्च.

"सव्वीसला मी बँकेत गेलो तवा त्यांनी हातात दिला," आप्पा म्हणाले.

कायदा सांगतो की चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांच्या आत नोटीस पाठवली पाहिजे. पूर्वी हे दिवस पंधराच होते, २००३ पासून तीस झाले. आता कळलं कधी, २१ ला की २६ ला, यावर कोर्टात तासन्‌तास वाद घालता येतो. साहेबांचा शिरस्ता असा की तो वाद उभाच राहू द्यायचा नाही. मेमोवरच्या तारखेपासून मोजायचं. २१ मार्च सोडून दिला तर मार्चचे उरले दहा दिवस, एप्रिलचे वीस. म्हणजे २० एप्रिल ही शेवटची तारीख. आज ९ तारीख, घाई करण्याची गरज नव्हती. नोटिशीत मात्र दोन्ही तारखा लिहायच्या, मेमोची २१ आणि हातात मिळाल्याची २६, कारण दोन्ही खऱ्या.

मग रक्कम. हिच्यापाशी माझा हात नेहमीच जड होतो. कारण सांगतो. या घटनेच्या किती तरी आधी एका दूधवाल्याची नोटीस मी टाइप केली होती. चेक १ लाख ६० हजारांचा. माझ्या बोटांनी लिहिलं १,०६,०००. साहेबांनी सही केली, मीही पुन्हा पाहिलं नाही. मुदत उलटून गेल्यावर समोरच्या वकिलाने ते कोर्टापुढं ठेवलं : कायदा म्हणतो चेकच्या रकमेची मागणी करा, इथं ती मागितलेलीच नाही. टायपिंगची चूक आहे, असं आम्ही सांगून पाहिलं. उपयोग झाला नाही. तीन वर्षं चाललेली केस माझ्या एका शून्याच्या जागेने गेली. तीस दिवसांच्या आत लक्षात आलं असतं तर दुसरी, बरोबर नोटीस पाठवता आली असती. त्या दूधवाल्याने मला कधी एक शब्द बोलून दाखवला नाही. तो बाजारात दिसला की मीच रस्ता बदलायचो. तेव्हापासून रक्कम आकड्यात लिहिली की लगेच अक्षरी लिहितो आणि चेकवर बोट ठेवून मोठ्याने वाचतो.

तर थोरल्याचा हिशोब असा : मालाचे ४ लाख ८० हजार, वर व्याज, वर मानसिक त्रासाचे, झाले सहा लाख. आणि चेक होता ३ लाख ८० हजारांचा.

"आप्पा, एक लाखाचा फरक कसा?"

आप्पा खिडकीबाहेर बघायला लागले. थोरला म्हणाला, "तेच तर. चेकसुद्धा लाखाने कमी दिला लबाडाने."

आप्पा त्याला म्हणाले, "जा रं, तीन चहा सांगून ये."

तो जिना उतरला तसे आप्पा खुर्ची पुढं ओढून हळू आवाजात बोलले. "लाख रोख दिले होते त्याने. बागेतच. त्याच्या डायरीत माझी सही हाये." मग थोडं थांबून, "तायडीच्या मालकाचं ऑपरेशन होतं. तिला दिले. घरात सांगितलं नाही. याचं आणि दाजींचं जमत नाही, तुला माहीत हाये."

मला माहीत होतं. पण त्या डायरीतल्या सहीचंही माहीत होतं. आपण ४ लाख ८० हजार मागितले की समोरचा पहिल्यांदा ती डायरी काढणार. मग आप्पांचं बाकीचं सगळं खरं असलं तरी कोर्टाच्या नजरेत ते खोटी मागणी करणारे ठरणार.

"आप्पा, लाख मिळाले असं लिहावं लागेल. आणि ते थोरला वाचेल."

चहा येईपर्यंत ते काही बोलले नाहीत. कप हातात घेतल्यावर म्हणाले, "लिही. जे हाये ते लिही."

मी मशीनला कागद लावला. (ऑफिसात संगणक होता, पण कच्चा मसुदा मी टाइपरायटरवरच करायचो. सवय.) थोरल्याच्या दोन पानांचं एक पान झालं. मुख्य मजकूर असा :

"आमचे अशिलांनी तुम्हांस दि. १४/०२/२०१८ रोजी १२० क्विंटल द्राक्षे रु. ४० प्रति किलो दराने विकली. मालाची एकूण किंमत रु. ४,८०,००० पैकी रु. १,००,००० तुम्ही त्याच दिवशी रोख दिले व ते आमचे अशिलांस मिळाले. बाकी रक्कम रु. ३,८०,००० (अक्षरी रुपये तीन लाख ऐंशी हजार फक्त) करिता तुम्ही दि. १५/०३/२०१८ चा चेक दिला. सदर चेक आमचे अशिलांनी दि. १९/०३/२०१८ रोजी बँकेत भरला असता तो 'खात्यात पुरेशी रक्कम नाही' या शेऱ्यासह दि. २१/०३/२०१८ च्या मेमोने परत आला. सदर मेमो आमचे अशिलांस दि. २६/०३/२०१८ रोजी मिळाला. तरी ही नोटीस तुम्हांस मिळाल्यापासून १५ दिवसांचे आत चेकची रक्कम रु. ३,८०,००० आमचे अशिलांस द्यावी. न दिल्यास निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टचे कलम १३८ प्रमाणे कारवाई करण्यात येईल."

आणि खाली वेगळ्या परिच्छेदात नोटिशीचा खर्च. तो चेकच्या रकमेत मिसळायचा नाही. सगळं एकत्र करून एकच मोठा आकडा मागितला की चेकची मागणी त्यात हरवते आणि नोटीसच बाद होऊ शकते. वेगवेगळं दाखवलं तर निदान चेकची मागणी शाबूत राहते.

थोरल्याने उभ्या उभ्या वाचलं. रोख लाखाच्या ओळीपाशी तो थांबला हे मला दिसलं. आप्पा कपातल्या चहाकडं बघत होते. तो बापाला काही बोलला नाही. त्याने सगळा राग मुदतीवर काढला.

"पंधरा दिवस कशाला? आठ लिहा. नाहीतर २४ एप्रिल अशी तारीखच टाका."

"पंधरा दिवस कायद्याने त्याचे आहेत. तू आठ लिहिलेस म्हणून ते कमी होत नाहीत, अन् पंधरा पुरे व्हायच्या आत केस टाकली तर ती चालत नाही. तारीखही टाकायची नाही. दिवस मोजायचे ते त्याच्या हातात पाकीट पडल्यापासून. पोस्टमन कधी देणार, हे तुला ठाऊक आहे का?"

"आणि शिव्या? एक पण नाही?"

यावर साहेबांनीच उत्तर दिलं, ते तेवढ्यात आले होते. म्हणाले, "बाबा, हा कागद उद्या न्यायाधीशांपुढं जाईल. त्यांना तुझ्या शिव्या वाचायला लावशील, तर ते म्हणतील, यात व्यापारी कोण अन् गुंड कोण? घरावर गाव आणायचं लिहिलंस तर तोच तुझ्यावर फिर्याद करील." सही करण्याआधी साहेबांनी चेक मागून घेतला आणि माझ्यासारखंच बोट ठेवून वाचलं.

१२ तारखेला रजिस्टर एडीने नोटीस गेली, व्यापाऱ्याच्या घरच्या आणि गाळ्याच्या, दोन्ही पत्त्यांवर. पत्ता बरोबर असेल आणि तो 'घेत नाही' म्हणाला, तरी ती पोचली असंच धरतात. त्याने मात्र सरळ घेतली. पोचपावतीचं कार्ड आलं, सहीखाली १६ एप्रिल. मी मोजून दिलं : १६ सोडून पंधरा दिवस, म्हणजे १ मे. नाही दिले तर २ मेपासून महिनाभरात कोर्टात तक्रार.

२७ एप्रिलच्या रात्री व्यापाऱ्याचा आप्पांना फोन आला. पुढच्या पार्टीकडून त्याचे पैसे आज संध्याकाळी जमा झाले होते, पण बँका बंद झालेल्या. म्हणाला, "आप्पा, आता २ तारखेला सकाळीच पाठवतो."

थोरल्याने लगेच मला फोन लावला. "बहाणे करतोय दादा. मुदत संपवतोय."

मी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. २८ चौथा शनिवार, २९ रविवार, ३० बुद्धपौर्णिमा, १ मे महाराष्ट्र दिन. चार दिवस बँका बंद. माणूस खोटं बोलत नव्हता. साहेबांना विचारलं तर ते म्हणाले, "कागदावर एक दिवस उशीर होईल, होऊ दे. आपल्याकडं महिना आहे. २ ला दुपारपर्यंत थांबा. नाही आले तर ३ ला तक्रार तयार करू."

२ मेला साडेअकराला आप्पांच्या खात्यात ३ लाख ८० हजार जमा झाले. नोटिशीचा खर्च काही त्याने दिला नाही, आप्पांनीही पुन्हा मागितला नाही.

थोरला पासबुक भरून घ्यायला निफाडला आला, तसा ऑफिसात डोकावला. पासबुक माझ्यासमोर उघडलं आणि आकड्यावर बोट ठेवून मोठ्याने वाचलं. मग तो थोडा वेळ बाकावर बसून राहिला.

"दाजींचं ऑपरेशन कुठं झालं होतं, दादा? नाशिकलाच ना?"

"हो."

"कोणी सांगितलंच नाही," तो म्हणाला. पासबुक खिशात घातलं आणि विचारलं, "तायडीच्या गावाची एस.टी. किती वाजता असते?"