आगीतून आलेली हार्ड डिस्क

साताऱ्याकडच्या एका फोटो स्टुडिओत रात्री शॉर्टसर्किटने आग लागली. सकाळी मालकांचा फोन आला तेव्हा त्यांचा भाचा डिस्क काढून, पुसून, लॅपटॉपला जोडायच्या बेतात होता. मी आधी एवढंच म्हटलं, "काका, तिला वीज देऊ नका. पुसू नका, उन्हात ठेवू नका. जशी आहे तशी ओली, हवाबंद पिशवीत घालून घेऊन या."

डेटा परत मिळवण्याच्या कामात इतकी वर्षं काढल्यावर मला ठामपणे वाटतं, की अशा डिस्कचा घात बहुतेक वेळा आगीनंतर होतो. हार्ड डिस्कच्या आवरणाला हवेसाठी एक बारीक छिद्र असतं. धुराची वाफ आणि बंबाचं पाणी तिथूनही आत शिरू शकतं. आत तबकडी मिनिटाला हजारो फेरे घेते आणि वाचणारं हेड तिच्यावर काही नॅनोमीटर अंतरावर तरंगतं. काजळीचा कण त्या फटीपेक्षा कितीतरी मोठा असतो. तो मध्ये आला, की चुंबकीय थर खरवडला जातो, आणि खरवडलेलं कुणालाही परत आणता येत नाही. ओली ठेवायची ती अशासाठी, की पाणी आपोआप सुकलं तर त्यातले क्षार काजळीसकट तबकडीवर घट्ट बसतात. पण म्हणून दिवस घालवायचे नसतात. जळालेल्या पीव्हीसी वायरींच्या धुरात हायड्रोजन क्लोराइड असतो, ओलाव्यात त्याचं आम्ल होतं आणि धातू खात राहतं.

काका त्याच दिवशी आले. "काही आशा आहे का?" हा त्यांचा पहिला प्रश्न. मी त्यांना कोलंबिया यानाची गोष्ट सांगितली. 1 फेब्रुवारी 2003 ला ते यान टेक्सासवर फुटलं. काही महिन्यांनी त्यातली एक हार्ड डिस्क करपलेल्या अवस्थेत सापडली. तिच्यातला जवळजवळ सगळा डेटा तज्ज्ञांनी काढला आणि झेनॉन वायूवरच्या त्या प्रयोगाचे निष्कर्ष 2008 मध्ये प्रसिद्ध झाले. तबकड्या धड राहिल्या होत्या, म्हणून हे जमलं.

काकांच्या डिस्कचंही सगळं तबकडीवरच अवलंबून होतं. कॉम्प्युटर टेबलाखाली, जमिनीलगत होता. खोलीतली धग वर छताकडे जास्त असते, त्यामुळे जागा पाहून अंदाज येतो. लेबल तपकिरी झालं होतं, पण अनुक्रमांक वाचता येत होता. अ‍ॅल्युमिनियम 660 अंशांच्या आसपास वितळतं. डिस्कचं अ‍ॅल्युमिनियमचं आवरण वाकलेलंही नव्हतं. खालचा हिरवा बोर्ड मात्र गेला होता. कनेक्टरचं प्लास्टिक वितळून पिनांवर ओघळलं होतं.

तसाच दुसरा बोर्ड आणून लावला की झालं, असं पुष्कळांना वाटतं. बहुतेक आधुनिक डिस्कमध्ये ते चालत नाही. बोर्डावरच्या एका छोट्या चिपमध्ये त्याच डिस्कच्या हेडची जुळणी साठवलेली असते. ती चिप काढून मी दुसऱ्या बोर्डावर बसवली. ती जळाली असती, तर काम कितीतरी अवघड झालं असतं.

मग गाळलेल्या हवेच्या स्वच्छ कक्षात झाकण उघडलं. तबकडी एकच होती. तिच्या बाहेरच्या कडेला पाण्याची रेघ आणि काजळीचा पट्टा दिसत होता. हेड रॅम्पवर उभे होते, पण उष्णतेने रॅम्पचं प्लास्टिक किंचित वाकलं होतं. हेड आणि रॅम्प दोन्ही त्याच मॉडेलच्या चांगल्या डिस्कमधून घेतले. तबकडी धुतली, पुन्हा पुन्हा भिंगाखाली तपासली, आणि मगच पहिल्यांदा वीज दिली.

अशा वेळी फायली उघडून बघत बसायचं नसतं. खास यंत्रावर आधी सोपे भाग पटापट उतरवून घ्यायचे, अडतील ते सोडून पुढे जायचं आणि शेवटी त्यांच्याकडे वळायचं. नवे हेडही किती टिकतील याचा भरवसा नसतो. बरेचसे लग्नांचे फोटो निघाले. पाण्याच्या रेघेखालचा पट्टा वाचता आला नाही. तिथल्या फायली अर्ध्यावर तुटलेल्या मिळाल्या.

काकांना मी एक गोष्ट मनापासून सांगितली: अशी डिस्क कुणाला देण्याआधी विचारा, की ती कुठे उघडणार, सुटे भाग आहेत का, आणि पुढे दुसरीकडे पाठवणार का. दुकानातल्या टेबलावर झाकण उघडून "बघतो" म्हणणाऱ्याच्या हाती ती देऊ नये. त्याने उघडल्यावर माझ्याकडे आलेल्या डिस्कवर अनेकदा बोटांचे ठसे असतात.

स्टुडिओतल्या त्याच टेबलावर असलेल्या लॅपटॉपची एसएसडीही काकांनी आणली होती. तिच्यात तबकडी नसते, मेमरी चिप असतात. त्या दिसायला ठीक होत्या, पण कंट्रोलर चिपला तडा गेला होता. त्या एसएसडीत डेटा कंट्रोलरनेच कुलूपबंद केलेला होता, त्यामुळे मेमरी चिप सुट्या काढून वाचल्या तरी हाती निरर्थक अंकच आले असते. काम होणार नाही असं लिहून मी ती परत दिली आणि तिचे पैसे घेतले नाहीत.