सर, मी मार्चपर्यंत येणार नाही

इंदूरला बारावीत असताना मी मल्लखांब करायचो. बोर्ड जवळ आलं तसा न सांगताच तीन दिवस दांडी मारली. चौथ्या दिवशी वेळापत्रक घेऊन सरांसमोर उभा राहिलो.

"अभ्यास कर रे," सर म्हणाले, "पण कधीपासून कधीपर्यंत, ते आधी सांगायचं. मनोऱ्यात तुझ्या खांद्यावर एक पोरगा उभा राहतो. तुझ्या जागी दुसरा तयार करायला मला वेळ नको?"

मग ठरलं: आठवड्यातून दोनदा, वीस मिनिटं, फक्त साध्या अढ्या, पकड टिकण्यापुरत्या. परीक्षेनंतरही पहिला आठवडा उड्या बंद. मनोऱ्यात तर नाहीच.

आज ऑफिसात रजा मागताना मी आधी तारखा लिहितो, मग माझं काम कोण बघेल ते.